आयडी-पासवर्ड पाठवा

“साहेब, डोमेनचा आयडी-पासवर्ड पाठवा. आज रात्री साइट लाइव्ह करते.”

मार्च 2019 मधल्या एका शुक्रवारी दुपारी कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाला मी व्हॉट्सॲपवर हा निरोप पाठवला. त्यांचा शिरोली एमआयडीसीत छोटा कारखाना, पंपांचे सुटे भाग बनवतात. नवी वेबसाइट तयार होती, उरलेले पैसे लाइव्ह झाल्यावर मिळणार होते आणि मला घरभाडं भरायचं होतं. तेव्हा मला वेबसाइटचं काम करायला लागून चार वर्षं झाली होती. दोन वाक्यांच्या त्या निरोपात काय काय राहिलं, हे कळायला मला पुढचे अकरा दिवस लागले.

साहेबांनी अर्ध्या तासात उत्तर दिलं. आलेला पासवर्ड जुन्या होस्टिंगचा होता. मी पुन्हा लिहिलं, हा नाही, डोमेनचा. मग त्यांनी कंपनीच्या मेलचा पाठवला. चूक त्यांची नव्हती. त्यांच्या लेखी वेबसाइट, मेल आणि डोमेन हे एकच ‘इंटरनेटचं काम’ होतं आणि ते काम वर्षाला एकदा बिल पाठवायचं. शेवटी अकाउंट्सच्या काकांनी जुनी पावती शोधून रजिस्ट्रारचं, म्हणजे जिथे डोमेन विकत घेतलं त्या कंपनीचं, नाव सांगितलं. लॉगिन करताना ओटीपी साहेबांच्या थोरल्या भावाच्या फोनवर जात होता आणि ते जोतिबाच्या डोंगरावर, रेंजच्या बाहेर. सगळं जमेपर्यंत संध्याकाळचे साडेसात झाले.

आत गेले तर डीएनएसची नोंदवही तिथे नव्हतीच. डोमेन एका कंपनीकडे नोंदलेलं आणि त्याचे नेमसर्व्हर भलत्याच कंपनीचे. कारखान्याला पूर्वी मेलची सेवा लावून देणाऱ्या माणसाने ते आपल्याकडे वळवून घेतले होते. म्हणजे मला दोन चाव्या हव्या होत्या आणि मी एकच मागितली होती. दुसऱ्या चावीसाठी त्या माणसाला गाठायला हवं होतं. शुक्रवारी रात्री तो फोन उचलेना.

इथे मी आडवाट धरली. नोंदवही उघडता येत नाही तर नोंदवहीच बदलू, असं म्हणून रजिस्ट्रारच्या पानावर जुने नेमसर्व्हर पुसले आणि माझ्या होस्टिंगचे लिहिले. वीस मिनिटांत माझ्या लॅपटॉपवर नवी साइट उघडली. साहेबांना स्क्रीनशॉट पाठवला, त्यांनी अंगठा दाखवला, मी झोपले.

साहेबांना पुढे मी हे सातबाऱ्याच्या भाषेत समजावलं. रजिस्ट्रारकडचा कागद म्हणजे सातबारा, जागा कोणाच्या नावावर ते तिथे कळतं. डीएनएस म्हणजे गेटवरच्या वॉचमनची वही. पाहुणे आले तर कुठल्या इमारतीत पाठवायचे, टपाल आलं तर कुठल्या खिडकीवर द्यायचं, डीलर आले तर कुठल्या दारानं आत घ्यायचे, हे सगळं त्या वहीत. नेमसर्व्हर बदलणं म्हणजे वॉचमनच बदलणं. मी नवा वॉचमन बसवला आणि त्याच्या हातात कोरी वही दिली.

खरं तर पूर्ण कोरीही नव्हती. कोरी असती तर बरं झालं असतं. मेल कुठे द्यायची हे सांगणारं एमएक्स रेकॉर्डच नसेल, तर मेल पाठवणारा सर्व्हर वेबसाइटच्याच पत्त्यावर जाऊन बघतो. तिथे मेल घेणारं कोणी नसलं की तो मेल रांगेत ठेवतो आणि साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मधल्या काळात चूक सुधारली तर टपाल उशिरा का होईना, पोचतं. पण माझ्या होस्टिंगवर नवं डोमेन जोडलं की सर्व्हर आपण होऊन एक नमुन्याची वही तयार करायचा, आणि त्या नमुन्यात एमएक्सची ओळ आधीच भरलेली असायची. तिचा अर्थ, मेलही इथेच द्या. कारखान्याच्या मेल तिथे येऊ लागल्या, सर्व्हरने विक्री विभागाचं खातं शोधलं, सापडलं नाही, आणि त्याने ‘550, असा कोणी इथे राहत नाही’ असं सांगून त्या परत पाठवल्या. 550 हा कायमचा नकार. त्यानंतर पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही.

सोमवारी पावणेअकराला फोन आला. चाकणच्या पार्टीने पर्चेस ऑर्डर पाठवली होती, ती त्यांच्याकडे परत गेली. मी लगेच विचारलं, तुमच्याकडे दुसऱ्या कोणाच्या मेल येतात का? साहेब म्हणाले, “येतात की मॅडम, सकाळपासनं चार आल्यात.” झालं. चार येतात तर यंत्रणा ठीक आहे, दोष चाकणवाल्यांचा, असा निवाडा मी केला आणि त्यांच्या आयटी विभागाला लिहायला एक ठसक्यातली मेलही साहेबांना तयार करून दिली. ती पाठवली गेली. तिची आठवण आली की अजून कान तापतात.

काही मेल येणं आणि काही परत जाणं, हीच या आजाराची खूण आहे. डीएनएसचं उत्तर एकदा मिळालं की विचारणारा ते ठरावीक वेळ जपून ठेवतो. त्या मुदतीला टीटीएल म्हणतात आणि ती सेकंदांत लिहितात. डॉट कॉमच्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, या उत्तराची मुदत 1,72,800 सेकंद, म्हणजे दोन दिवस. शनिवारी ज्यांच्या इंटरनेट कंपनीकडे जुनं उत्तर जपलेलं होतं त्यांचं टपाल बरोबर पोचत होतं, ज्यांनी नव्याने विचारलं त्यांचं परत जात होतं. सोमवारपर्यंत बहुतेकांची मुदत संपली होती. म्हणूनच तक्रार तीन दिवसांनी आली.

दुपारी एकला मी अखेर जे शुक्रवारी करायचं ते केलं. डोमेनचं खरं नाव इथे देत नाही, त्याच्या जागी example.com धरा.

```
dig +short MX example.com
0 example.com.
```

त्या एका ओळीत सगळं होतं. मेल घेणारा सर्व्हर कोण, तर वेबसाइट स्वतःच. पोटात गोळा आला आणि पहिला विचार आला तो नेमसर्व्हर पुन्हा जुने करून टाकायचा. माझ्यापेक्षा दहा वर्षं जास्त या धंद्यात असलेल्या एका मित्राला फोन केला, त्याने थांबवलं. म्हणाला, आता उलटं फिरलीस तर ज्यांनी नवा पत्ता जपून ठेवलाय ते आणखी दोन दिवस तुझ्या चुकीच्या वहीकडेच येत राहतील. त्यापेक्षा नव्या वहीत बरोबर ओळी लिही, म्हणजे दोन्ही वॉचमन एकच उत्तर देतील.

पण बरोबर ओळी आणायच्या कुठून? जुनी वही पाहण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. मात्र मेलवाल्याने ती पुसलेली नव्हती, त्यामुळे जुन्या नेमसर्व्हरला थेट नाव घेऊन विचारलं तर तो अजून उत्तर देत होता.

```
dig +short MX example.com @ns1.example.net
10 mail.example.net.
```

ही ओळ नव्या वहीत लिहिली. तरी तासाभरात सगळं सुरळीत झालं नाही, कारण चुकीच्या ओळीची मुदत 14,400 सेकंद होती. ज्या सर्व्हरने ती ओळ बाराच्या सुमारास वाचली होती तो चारपर्यंत तीच खरी धरणार. संध्याकाळी साडेपाचला चाकणहून ऑर्डर पोचली. मी सुटकेचा श्वास सोडला, तो जरा लवकर सोडला.

डीएनएसला बाहेरून ‘तुझी सगळी वही दाखव’ असं सहसा म्हणता येत नाही. नाव घेऊन एकेक ओळ विचारावी लागते, आणि जे नाव ठाऊकच नाही ते विचारणार कसं? मला एमएक्स ठाऊक होतं म्हणून मी एमएक्स विचारलं. मंगळवारी सकाळी कळलं की कारखान्याचे डीलर एका वेगळ्या उपनावावर जाऊन माल नोंदवतात, orders ने सुरू होणाऱ्या. ते नाव नव्या वहीत नव्हतंच, सगळ्या डीलरांचं पान बंद. मला त्याचं अस्तित्वच ठाऊक नव्हतं आणि साहेबांना ते वेबसाइटपेक्षा निराळं आहे हे ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात कारखान्याने पाठवलेली बिलं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊ लागली. मेल खरंच या कंपनीने पाठवली का, हे पडताळायच्या दोन नोंदी त्याच वहीत असतात. एकीत कोणत्या सर्व्हरना आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे ते लिहितात, ती एसपीएफ. दुसरीत सहीचा नमुना ठेवतात, ती डीकेआयएम. पहिली मुख्य नावावरच असते, त्यामुळे सापडली. दुसरी मात्र मेलसेवेने ठरवलेल्या एखाद्या आडनावाखाली असते आणि ते आडनाव बाहेरून ओळखता येत नाही. ते शोधायची एक युक्ती आहे. कारखान्यातून पूर्वी आलेली एखादी जुनी मेल उघडून तिचा मूळ मजकूर बघायचा. त्यात `DKIM-Signature` या ओळीत `s=` च्या पुढे ते नाव असतं. हे मला गुरुवारी सुचलं. तोवर मार्चअखेरची बिलं लोकांच्या स्पॅममध्ये पडून होती आणि अकाउंट्सचे काका एकेका पार्टीला फोन करून “जरा त्या दुसऱ्या डब्यात बघा” असं सांगत होते.

परत गेलेल्या मेलचं काय केलं, हेही सांगायला हवं. माझ्या होस्टिंगच्या सपोर्टकडे मी सर्व्हरने नाकारलेल्या मेलची नोंद मागितली. मेलचा मजकूर त्यात नसतो, पण कोणी, कोणाला, किती वाजता हे असतं. त्रेसष्ट ओळी आल्या. जाहिराती वगळून एकोणीस खऱ्या उरल्या. त्या सगळ्यांना काकांनी फोन केले. अशी नोंद मिळते हे फारसं कोणी सांगत नाही, आणि ती सर्व्हरवर फार दिवस राहतही नाही. त्याच दिवशी मागावी.

एक चूक मात्र तशीच राहिली. नव्या साइटवर चौकशीचा फॉर्म होता. भरला की मजकूर विक्री विभागाच्या मेलवर जायचा. जगाला मी सांगितलं होतं की मेल तिकडे द्या, पण माझ्या स्वतःच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मेलची व्यवस्था ‘लोकल’ अशीच राहिली होती. त्यामुळे साइटवरून निघालेली चौकशी बाहेर जायचीच नाही, सर्व्हर ती आपल्यातच शोधायचा, खातं सापडायचं नाही आणि मजकूर टाकून द्यायचा. भरणाऱ्याला मात्र ‘धन्यवाद, आम्ही संपर्क करू’ असं दिसायचं. हे अकराव्या दिवशी उघड झालं, तेही साहेबांच्या पुतण्याने गंमत म्हणून फॉर्म भरून बघितला म्हणून. फॉर्मचा मजकूर मी दुसरीकडे कुठे साठवला नव्हता. त्या अकरा दिवसांत किती जणांनी चौकशी केली याचा कुठेही पुरावा नाही.

उरलेले पैसे मी मागितले नाहीत. साहेबांनी निम्मे पाठवले आणि खाली लिहिलं, “काम चांगलं आहे, पद्धत सुधारा.”

पद्धत सुधारायची म्हणजे तो निरोप सुधारायचा, हे लगेच लक्षात आलं नाही. आधी मी चुकांची यादी करून भिंतीला लावली, पुढच्या कामात ती पाळली आणि तरीही अडकले, कारण लागणारी माहिती माझ्याकडे पुन्हा लाइव्हच्या दिवशीच आली. आता मी जो निरोप पाठवते तो साइट लाइव्ह होण्याच्या पंधरा दिवस आधी जातो, मेलने, आणि साधारण असा असतो:

“नमस्कार साहेब. नवी साइट मंगळवारी सकाळी अकरा वाजता सुरू करायचा विचार आहे. त्याआधी मला काही गोष्टींचा प्रवेश लागेल. कृपया पासवर्ड पाठवू नका, व्हॉट्सॲपवर तर नकोच.

पहिली गोष्ट, डोमेन कोणत्या कंपनीकडून घेतलं आहे आणि कोणाच्या नावावर आहे? तुमच्या की आधीच्या वेबसाइटवाल्याच्या? जुनी पावती किंवा नूतनीकरणाची मेल सापडली तर तिचा फोटो पुरेसा आहे. मुदत कधी संपते आणि ओटीपी कोणाच्या फोनवर जातो तेही सांगा.

दुसरी, तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर मी बाहेरून पाहिले आहेत, ते सोबत लिहिले आहेत. ते कोणाचे, कोण सांभाळतं? तिथल्या डीएनएसच्या पानावर माझ्या मेल आयडीला प्रवेश द्या. ‘युजर जोडा’ किंवा ‘ॲक्सेस द्या’ असा पर्याय बहुधा असतो. नसेल तर आपण पंधरा मिनिटं स्क्रीन शेअर करू, बदल तुम्हीच करा, मी सांगते. काम संपल्यावर माझा प्रवेश काढून टाका, मी आठवण करीन.

तिसरी, त्या पानावरची सगळी यादी मला आधी हवी आहे. ‘एक्सपोर्ट’चं बटण असेल तर ती फाइल, नाहीतर शेवटपर्यंत सरकवून काढलेले स्क्रीनशॉट. एकही ओळ गाळू नका, अर्थ लागत नसला तरी.

चौथी, तुमच्या मेल कोणाकडे आहेत? आणि डोमेनच्या नावाने आणखी काय चालतं? डीलरचं पान, हजेरीचं यंत्र, कॅमेरे, जाहिरातीच्या मेल पाठवणारी सेवा, काहीही.

मी नेमसर्व्हर बदलणार नाही आणि डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नेणार नाही. त्याची गरज नाही. फक्त वेबसाइटचा पत्ता सांगणाऱ्या ओळी बदलतील. मेलच्या ओळींना हात लागणार नाही.”

शेवटच्या परिच्छेदातलं वचन मी गिऱ्हाइकाइतकंच स्वतःला देते. साइट हलवायला मूळ नावाची आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची ओळ बदलणं बहुतेक वेळा पुरतं. सुरुवातीच्या वर्षांत मी लोकांकडे डोमेन हलवायला लागतो तो ट्रान्सफर कोडसुद्धा मागायचे, तो मिळाला की काम पक्कं झाल्यासारखं वाटायचं. साइट लाइव्ह करायला तो लागतच नाही.

पंधरा दिवसांचं एक कारण टीटीएल. मुदत एक दिवसाची, म्हणजे 86,400 असेल, तर बदलाच्या किमान एक दिवस आधी ती 300 वर आणून ठेवावी लागते. तेव्हा कुठे चूक झाल्यास पाच मिनिटांत मागे फिरता येतं. मी एका कामात मुदत आणि पत्ता एकाच वेळी बदलला आणि मनाशी म्हटलं, आता सगळं पाच मिनिटांत होईल. ज्यांनी जुनी ओळ दिवसभराच्या मुदतीने जपली होती त्यांना नवी मुदत दिसणार कशी?

आणि ‘एकही ओळ गाळू नका’ हे सांगलीच्या एका क्लासने शिकवलं. तिथे मी फक्त पत्त्याची एक ओळ बदलली. ऑफिसच्या वायफायवर नवी साइट, सरांच्या मोबाइल डेटावर जुनी. दोन दिवस मी त्यांना “कॅश क्लिअर करा, फोन बंद करून चालू करा” असं सांगत राहिले. त्यांनी बिचाऱ्यांनी नवा ब्राउझरही टाकला. वहीत पत्त्याच्या दोन ओळी होत्या, एक जुन्या पद्धतीच्या आयपीची आणि एक आयपीव्ही6 ची, जिला एएएए रेकॉर्ड म्हणतात. ऑफिसची जोडणी पहिली वाचत होती आणि फोन दुसरी, तिच्यात अजून जुन्याच सर्व्हरचा पत्ता होता. माझ्या घरच्या ब्रॉडबँडला आयपीव्ही6 नाही, म्हणून मला ते दिसणं शक्यच नव्हतं. ती ओळ पुसली आणि तासाभरात सरांचा फोन आला की आलं बाई एकदाचं.

पासवर्ड न मागण्याबद्दल मी सुरुवातीला उदासीन होते. लोकांना तेच सोपं जातं. मग 2021 मध्ये रिक्षात फोन विसरले. तो दुसऱ्या दिवशी परत मिळाला, पण त्या रात्री नवऱ्याच्या लॅपटॉपवर बसून मी आपल्याच चॅटमध्ये ‘password’ असं शोधलं. चौदा गिऱ्हाइकं निघाली. त्यातल्या नऊ जणांनी तो त्यानंतर कधी बदललाच नव्हता. रात्री अकराला नऊ जणांना फोन करून आपण काय हरवलं ते सांगणं मी दुसऱ्यांदा करणार नाही.

या निरोपाने काम सोपं होतं, असं मी म्हणणार नाही. त्रास होतो, फक्त तो लाइव्हच्या आधी होतो. दोघांनी मला “एवढं विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या” असं म्हणून काम दुसरीकडे दिलं. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं दोन-तीन दिवसांत येतात, पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागतो. डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे विचारल्यावर बऱ्याच जणांना कळतं की ते आपल्या नावावर नाहीच, आठ-दहा वर्षांपूर्वी ज्या पोराने साइट बनवली त्याच्या नावावर आहे आणि त्याचा नंबर बदललाय. त्याला शोधायला आठवडाही जातो, महिनाही जातो. तोवर मी लाइव्हची तारीख देत नाही.